सूर्याचे माप आणि तिरकस ऊन : हुडकेश्वरच्या गच्चीवरून

नागपूरच्या दक्षिण कडेला असलेले हुडकेश्वर सुमारे २१.१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे एखादे सौर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बरोबर २१.१ अंश तिरके बसवले, तर २१ मार्चला एक सुंदर गोष्ट घडते. त्या दिवशी सूर्य खगोलीय विषुववृत्तावर असतो आणि पॅनेलच्या पृष्ठभागाला काटकोनात उभी असलेली रेषाही त्याच विषुववृत्ताच्या पातळीत असते. त्यामुळे सूर्यकिरण पॅनेलवर किती तिरके पडतात हे काढायला कोष्टक लागत नाही. खऱ्या सौर मध्यान्हाला तो कोन शून्य असतो आणि पुढच्या प्रत्येक तासाला तो नेमका १५ अंशांनी वाढतो. तीन तासांनी ४५, चार तासांनी ६०, पाच तासांनी ७५. नागपूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या पश्चिमेला आहे आणि मार्चमध्ये सूर्य घड्याळाच्या मागे असतो, म्हणून ते मध्यान्ह घड्याळात १२ वाजून २१ मिनिटांच्या सुमारास येते. संध्याकाळी ५ वाजून २१ मिनिटांनी ऊन ७५ अंशांनी तिरके झालेले असते. सौर प्रकल्पातल्या पायरॅनोमीटरची खरी परीक्षा त्याच वेळी होते.

पायरॅनोमीटर म्हणजे आकाशाच्या संपूर्ण अर्धगोलातून एका पृष्ठभागावर येणारी सौरऊर्जा मोजणारे यंत्र. काचेचे दोन घुमट, त्यांच्याखाली काळ्या लेपाची छोटी चकती आणि त्या चकतीखाली थर्मोपाइल, इतकाच त्याचा गाभा. ऊन पडले की काळी चकती यंत्राच्या धातूच्या अंगापेक्षा किंचित तापते आणि तापमानाच्या त्या फरकातून थर्मोपाइल काही मिलिव्होल्टचा दाब निर्माण करते. दर चौरस मीटरला एक वॉट ऊन पडल्यावर किती मायक्रोव्होल्ट मिळतात, तो आकडा म्हणजे यंत्राची संवेदनशीलता. कॅलिब्रेशन म्हणजे हा आकडा शोधणे. प्रमाणपत्रावर तो एकच छापलेला असतो, आणि प्रकल्पाचा डेटालॉगर वर्षभर, पहाटेपासून संध्याकाळपर्यंत, मिळालेल्या दाबाला त्याच एका आकड्याने भागत राहतो.

परंतु संवेदनशीलता खरोखर एक आकडा नाही. सूर्य कोणत्या कोनातून येतो, यंत्र सपाट आहे की तिरके, यावर ती बदलते. बदल लहान असतो, पण प्रकल्पाचा हिशोबही तितक्याच लहान फरकांवर चालतो. प्रकल्पाने मिळालेल्या उन्हाच्या प्रमाणात किती वीज दिली, या गुणोत्तराला परफॉर्मन्स रेशो म्हणतात आणि त्याची हमी करारात लिहिलेली असते. उन्हाचा आकडा या गुणोत्तराच्या छेदात असतो. पायरॅनोमीटर ऊन एक टक्का कमी दाखवत असेल, तर प्रत्यक्षात ७९.३ टक्क्यांवर चालणारा प्रकल्प कागदावर ८०.१ टक्क्यांवर जातो आणि ८० टक्क्यांची हमी पूर्ण झाल्यासारखी दिसते. पॅनेलमध्ये काहीच बदललेले नसते. फरक असतो तो चार-पाच सेंटिमीटरच्या एका काचेच्या घुमटाखाली.

आधी कोनाचा प्रश्न पाहू. किरण तिरके पडले की तीच ऊर्जा जास्त जागेवर पसरते, म्हणून पृष्ठभागाला मिळणारे थेट ऊन कोनाच्या कोसाइनच्या प्रमाणात घटते. किरणांना काटकोनात धरलेल्या पृष्ठभागावर १००० वॉट प्रति चौरस मीटर थेट ऊन असेल, तर ६० अंशांना ते ५०० उरते आणि ७५ अंशांना २५९. आदर्श पायरॅनोमीटरने हा नियम तंतोतंत पाळायला हवा. प्रत्यक्षात तिरके किरण काचेवरून जास्त परावर्तित होतात, काळा लेपही कलत्या किरणांना सरळ किरणांइतक्या तत्परतेने शोषत नाही, आणि घुमट किंवा चकती केसभर जरी मध्यापासून सरकली असेल तर एका बाजूचे ऊन दुसऱ्या बाजूपेक्षा वेगळे मोजले जाते. या सगळ्यातून उरणारा फरक म्हणजे कोसाइन त्रुटी किंवा दिशात्मक त्रुटी.

पायरॅनोमीटरचे वर्ग ठरवणारे आयएसओ ९०६० हे मानक २०१८ मध्ये सुधारले गेले. त्यानुसार सर्वांत वरच्या ‘अ’ वर्गाच्या यंत्राला १००० वॉटच्या थेट किरणासाठी कोणत्याही दिशेने १० वॉटपर्यंत दिशात्मक त्रुटीची मुभा आहे. त्याखालच्या वर्गाला २० आणि तिसऱ्याला ३० वॉट. दहा वॉट ऐकायला थोडे वाटतात आणि दुपारी ते थोडेच असतात. पण ही मुभा वॉटमध्ये दिलेली आहे, टक्क्यांत नाही. ६० अंशांना खरे ऊन ५०० असताना हेच १० वॉट म्हणजे २ टक्के होतात, ७५ अंशांना जवळजवळ ४ टक्के, आणि ८५ अंशांना, जिथे खरे ऊन फक्त ८७ वॉट उरते, तिथे ११ टक्क्यांहून जास्त. सर्वोत्तम वर्गाचे यंत्रसुद्धा संध्याकाळी इतके चुकू शकते, आणि तरीही ते मानकात बसते.

मग खरे ऊन किती, हे सांगणार कोण? याचे उत्तर माणसाने फार देखण्या रीतीने शोधले आहे. कॅलिब्रेशनच्या साखळीच्या सर्वांत वरच्या टोकाला जे यंत्र असते त्याला कॅव्हिटी रेडिओमीटर म्हणतात. त्यात आतून काळी केलेली एक पोकळी असते आणि तिच्या तोंडावर नेमक्या मापाचे बारीक छिद्र. यंत्र सूर्यावर रोखले की थेट किरण पोकळीत शिरतात आणि जवळजवळ सगळे तिथेच शोषले जातात. नंतर झडप बंद करून तीच पोकळी विजेने तापवतात, अगदी उन्हाने तापली होती तितकी. त्यासाठी किती वीज लागली हे व्होल्ट आणि अँपिअरवरून काढता येते, छिद्राचे क्षेत्रफळ माहीत असते, आणि दोन्हींच्या भागाकारातून उन्हाचे माप मिळते. म्हणजे सूर्याची तुलना दुसऱ्या एखाद्या प्रकाशाशी होत नाही, ती थेट विजेच्या एककांशी होते.

अशा निवडक यंत्रांचा जागतिक गट स्वित्झर्लंडमध्ये दावोसच्या जागतिक विकिरण केंद्रात ठेवलेला आहे. दर पाच वर्षांनी वेगवेगळे देश आपली मानक यंत्रे घेऊन तिथे जमतात आणि आल्प्सच्या स्वच्छ उन्हात ती शेजारी-शेजारी लावतात. १९५९ पासून ही परंपरा सुरू आहे. २०२० ची फेरी कोविडमुळे लांबली आणि २०२१ मध्ये झाली. या संदर्भाची अनिश्चितता सुमारे ०.३ टक्के मानली जाते. जगातला कोणताही पायरॅनोमीटर त्याहून जास्त खात्रीने सूर्य मोजतो असे म्हणू शकत नाही.

भारतात या साखळीची कडी पुण्यात आहे. भारतीय हवामान विभागाचे राष्ट्रीय विकिरण केंद्र तिथे असून जागतिक हवामान संघटनेने त्याला आशिया विभागाचे प्रादेशिक केंद्र म्हणूनही मान्यता दिली आहे. ही परंपरा उभी करण्यात अ‍ॅना मणी यांचा वाटा मोठा. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने त्यांनी देशभर विकिरण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले आणि आयात यंत्रांवर विसंबून न राहता पुण्यात यंत्रे बनवून, तपासून घेण्यावर भर दिला. त्यांनी संपादित केलेली भारतातील सौर विकिरणाची हस्तपुस्तिका १९८० मध्ये आली आणि पुढे सौर प्रकल्पांची आखणी करणाऱ्यांनी तिचा आधार घेतला. हवामान विभागाच्या या जाळ्यात नागपूरही आहे. हुडकेश्वरच्या गच्चीवरील मापाची वंशावळ अशी पुण्यामार्गे दावोसपर्यंत जाते.

आता एका तुलनेचा तपशील पाहू. आकडे उदाहरणाचे आहेत, पण अशा तुलनेत जसे आकडे येतात तसेच ते घेतले आहेत. हुडकेश्वरमधल्या एका उंच गच्चीवर, जिथून चारी बाजूंचे क्षितिज मोकळे दिसते, एक जड धातूचे टेबल मांडले आहे. त्यावर संदर्भ पायरॅनोमीटर आहे, ज्याची संवेदनशीलता ८.५० मायक्रोव्होल्ट आहे. शेजारी प्रकल्पातून उतरवून आणलेला तपासायचा पायरॅनोमीटर आहे, ज्याच्या जुन्या प्रमाणपत्रावर ९.१० लिहिले आहे. दोन्हींचे घुमट ऊर्ध्वपातित पाण्याने आणि मऊ कापडाने पुसले आहेत, दोन्हींची पाणसळ पाहून पाय फिरवले आहेत, आणि दोन्हींच्या तारा एकाच डेटालॉगरला जोडल्या आहेत, म्हणजे वाचन एकाच क्षणी होईल. दोन लॉगर वापरले आणि त्यांची घड्याळे काही सेकंदांनी पुढेमागे असली, तर एक छोटा ढग सरकला तरी गुणोत्तर बिघडते. २१ मार्चचा दिवस आहे आणि आकाश निरभ्र आहे.

सकाळी ११ वाजून २१ मिनिटांनी सूर्य शिरोबिंदूपासून सुमारे २६ अंशांवर आहे. संदर्भ यंत्र ७.१४ मिलिव्होल्ट देते, म्हणजे ८४० वॉट प्रति चौरस मीटर. तपासायचे यंत्र ७.५६ मिलिव्होल्ट देते. भागाकार केला की त्याची संवेदनशीलता ९.०० येते. दुपारी ३ वाजून २१ मिनिटांनी सूर्य ४९ अंशांवर उतरला आहे. संदर्भ ६०० वॉट दाखवतो, दुसऱ्या यंत्राचा दाब ५.३८ मिलिव्होल्ट आहे, आणि संवेदनशीलता ८.९७ येते. संध्याकाळी ५ वाजून २१ मिनिटांनी सूर्य ७६ अंशांवर आहे. संदर्भ २०० वॉट, दुसरे यंत्र १.७५ मिलिव्होल्ट, आणि संवेदनशीलता ८.७५. एकाच दिवसात, एकाच टेबलावर, आकडा जवळजवळ ३ टक्क्यांनी खाली आला.

हा सगळा फरक कोनाचा आहे असे लगेच म्हणता येत नाही. आधी रात्रीची नोंद पाहावी लागते. स्वच्छ रात्री वरचा घुमट थंड आकाशाकडे उष्णता सोडतो, आतल्या चकतीपेक्षा थंड होतो, आणि चकतीही त्याच्याकडे उष्णता गमावते. ऊन शून्य असताना यंत्र उणे आकडा दाखवते. नागपूरच्या हिवाळ्यात आणि मार्चच्या कोरड्या रात्रींत हे हमखास दिसते. समजा तपासायचे यंत्र रात्री उणे ३ वॉट दाखवते आणि संदर्भ उणे १. दिवसाही हा ढळ असतोच, फक्त उन्हाच्या मोठ्या आकड्याखाली तो झाकला जातो. ८४० मध्ये दोन वॉटचा फरक जाणवत नाही, २०० मध्ये तो एक टक्का होतो. ढळ काढून टाकून पुन्हा भागाकार केला की तीन आकडे ९.०२, ९.०० आणि ८.८४ असे येतात. म्हणजे ३ टक्क्यांची घसरण प्रत्यक्षात २ टक्क्यांची होती आणि उरलेली एक टक्का घसरण उष्णतेची होती. दिवसाचा ढळ रात्रीइतकाच असतो असे नाही, त्यामुळे ही दुरुस्तीही अंदाजाचीच. पण ती न करता कोसाइन त्रुटीचा निवाडा देणे चूक ठरते, आणि हे किती चूक ठरते ते पाहण्यासारखे आहे. त्या वेळी किरणांच्या दिशेने थेट ऊन ४५० वॉट होते असे धरले, तर दुरुस्तीआधी दिसणारी ५.६ वॉटची तूट १००० वॉटच्या किरणामागे साडेबारा वॉट भरते आणि यंत्र ‘अ’ वर्गाच्या मर्यादेबाहेर जाते. दुरुस्तीनंतर तूट ४ वॉट, म्हणजे हजारामागे ९, आणि यंत्र मर्यादेच्या आत येते. एका रात्रीच्या नोंदीवर यंत्राचा वर्ग ठरला.

तरीही उरलेले ४ वॉट कुणाचे, हा प्रश्न शिल्लक राहतो. संदर्भ पायरॅनोमीटरही शेवटी काचेच्या घुमटाखालचेच यंत्र आहे. त्यालाही स्वतःची कोसाइन त्रुटी असते. दोन पायरॅनोमीटरांची तुलना करून मिळतो तो दोघांच्या त्रुटींतला फरक. दोघे सारखेच चुकत असतील तर गुणोत्तर दिवसभर सरळ रेषेत राहील आणि पाहणाऱ्याला सर्व काही निर्दोष वाटेल. एकाच बनावटीची दोन यंत्रे शेजारी ठेवून केलेल्या कॅलिब्रेशनमध्ये हा धोका सर्वांत जास्त असतो.

यातून सुटण्याची वाट म्हणजे संदर्भ म्हणून पायरॅनोमीटरऐवजी पायऱ्हेलिओमीटर वापरणे. हे यंत्र नळीतून फक्त सूर्याभोवतीचे पाच अंशांचे आकाश पाहते आणि फिरत्या ट्रॅकरवर बसून दिवसभर सूर्याकडेच रोखलेले असते. त्याच्यासाठी किरण नेहमी सरळच पडतात, म्हणून कोसाइन त्रुटीचा प्रश्नच उद्भवत नाही. आता तपासायच्या पायरॅनोमीटरवर काही मिनिटे छोट्या चकतीने सूर्य झाकायचा, मग उघडायचा, पुन्हा झाकायचा. उघड्या आणि झाकलेल्या वाचनातला फरक म्हणजे केवळ थेट उन्हाने निर्माण केलेला दाब. त्याला पायऱ्हेलिओमीटरचे माप आणि त्या क्षणीच्या कोनाचा कोसाइन यांच्या गुणाकाराने भागले की त्या कोनावरची संवेदनशीलता मिळते. या वजाबाकीत उष्णतेचा ढळही बराचसा गळून पडतो, कारण तो झाकलेल्या आणि उघड्या दोन्ही वाचनांत असतो. ही पद्धत वेळखाऊ आहे, तिला ट्रॅकर, निरभ्र आकाश आणि सावध हात लागतात. पण कोनागणिक खरे उत्तर देणारी हीच. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने २०११ पासून देशभर उभारलेल्या सौर विकिरण केंद्रांत ट्रॅकर, पायऱ्हेलिओमीटर, एक उघडा आणि एक सावलीतला पायरॅनोमीटर अशी मांडणी आहे. या तीन मापकांची मापे एकमेकांना तपासू शकतात: थेट ऊन गुणिले कोसाइन, अधिक पसरलेले ऊन, हे एकूण उन्हाइतके भरायला हवे.

आता आणखी एक संशयित उरतो, टेबलाची पातळी. पाणसळीचा बुडबुडा किंचित सरकलेला राहिला आणि यंत्र अर्ध्या अंशाने पूर्वेकडे कलले असे समजू. संध्याकाळी ७६ अंशांवरच्या पश्चिमेकडील सूर्यासाठी कोन ७६.५ होतो. कोसाइन काढून पाहिला तर थेट उन्हाचे माप साडेतीन टक्क्यांनी घटते. थेट उन्हाचा वाटा त्या वेळी १०९ वॉट आहे, म्हणजे तूट जवळजवळ ४ वॉट. आपण कोसाइन त्रुटी म्हणून जे ४ वॉट धरून बसलो होतो, ते सगळेच्या सगळे अर्ध्या अंशाच्या कलामुळेही निर्माण होऊ शकतात! केवळ संध्याकाळच्या नोंदींवरून दोन्हींत फरक करणे अशक्य आहे.

फरक सांगते ती सकाळ. यंत्र पूर्वेकडे कललेले असेल तर सकाळी ७ वाजून २१ मिनिटांनी, जेव्हा सूर्य पुन्हा ७६ अंशांवर पण पूर्वेला असतो, तेच यंत्र ४ वॉट जास्त दाखवेल. खरी कोसाइन त्रुटी काचेतून आणि लेपातून येते, तिला सकाळ-संध्याकाळ सारखीच. म्हणून गुणोत्तराचा आलेख वेळेनुसार काढून मध्यान्हाच्या रेषेवर घडी घालून पाहावा. दोन्ही बाजू एकमेकींवर बसल्या तर दोष कोसाइनचा, एक बाजू वर आणि दुसरी खाली असेल तर कलाचा. बहुतेक वेळा दोन्ही थोडे-थोडे असतात आणि बेरीज-वजाबाकीने ते वेगळे करता येतात. म्हणूनच अनुभवी माणूस अर्ध्या दिवसाच्या नोंदींवर कॅलिब्रेशन उरकत नाही. दुसऱ्या दिवशी यंत्र जागच्या जागी १८० अंशांनी फिरवून पुन्हा तेच करतात. टेबलाचा कल टेबलाबरोबर तिथेच राहतो. यंत्रातच काही वाकडे असेल, म्हणजे बुडबुडा आणि आतली चकती एकमेकांशी समांतर नसतील किंवा घुमट एका बाजूला सरकला असेल, तर ते यंत्राबरोबर फिरते आणि आलेख उलटा होतो. केवळ एक फिरवणी आणि एक जास्तीचा दिवस, पण दोष कुठे राहतो ते तिने कळते.

सूर्याने स्वतःच दिलेली एक परीक्षाही नागपूरला लाभली आहे. कर्कवृत्त इथून उत्तरेला असल्याने वर्षातून दोनदा, मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यानंतर, मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. शून्य सावलीचा हा दिवस कॅलिब्रेशनच्या दृष्टीने अद्भुत आहे. सपाट ठेवलेल्या यंत्रासाठी त्या क्षणी कोन शून्य, म्हणून कोसाइन त्रुटी शून्य. अर्ध्या अंशाचा कल राहिला तरी फरक दशलक्षात काही डझनांपेक्षा जास्त पडत नाही. प्रयोगशाळेत दिवा बरोबर वरून रोखून जी स्थिती निर्माण करतात, ती मेमधल्या त्या दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास गच्चीवर आपोआप येते. उलट डिसेंबरमध्ये मध्यान्हीसुद्धा सूर्य शिरोबिंदूपासून साडेचव्वेचाळीस अंश दूर राहतो. त्यामुळे एकच यंत्र मे महिन्यात आणि डिसेंबरमध्ये सपाट टेबलावर तपासले, दिवसभराची सरासरी काढली, तर दोन वेगळे आकडे येतील, आणि यंत्र बिघडले की काय अशी शंका येईल. यंत्र तसेच असते, सरासरीतले कोन बदललेले असतात.

इथपर्यंत यंत्र सपाट होते. प्रकल्पात मात्र उन्हाचे मुख्य माप पॅनेलच्याच तिरक्या पातळीत घ्यावे लागते, म्हणून पायरॅनोमीटर पॅनेलच्या चौकटीला समांतर, २१ अंश वगैरे कलवून बसवतात. आता दोन निरनिराळ्या गोष्टी घडतात आणि त्यांची गल्लत फार वेळा होते.

पहिली गोष्ट यंत्राच्या आत घडते. तापलेल्या चकतीवरची हवा घुमटाखाली वर चढते, थंड होते, खाली येते. यंत्र कलले की या लहानशा हवेच्या फिरण्याची वाट बदलते, चकती उष्णता वेगळ्या गतीने गमावते, आणि तेच ऊन तेवढ्याच सरळ कोनाने पडूनही दाब किंचित बदलतो. ही कलत्रुटी. जुन्या बनावटीच्या काही यंत्रांत ती काही टक्क्यांची असे. आजच्या मानकात ‘अ’ वर्गाला अर्धा टक्का, त्याखालच्या वर्गांना दोन आणि पाच टक्के अशी मर्यादा आहे. ती मोजण्याची युक्ती मोहक आहे. उन्हात यंत्र कलवले तर किरणांचा कोनही बदलतो, जमिनीवरून परतणारा प्रकाशही दिसू लागतो, आणि कुठला बदल कशाचा ते कळत नाही. म्हणून प्रयोगशाळेत दिवा आणि पायरॅनोमीटर एकाच दांड्यावर पक्के बसवून संपूर्ण दांडाच फिरवतात. दिवा नेहमी यंत्राच्या बरोबर समोरच राहतो. यंत्राच्या दृष्टीने प्रकाशात काहीही बदललेले नसते, बदलते ती फक्त गुरुत्वाकर्षणाची दिशा. त्यामुळे दाबात जो फरक पडतो तो निव्वळ कलत्रुटीचा.

दुसरी गोष्ट यंत्राच्या बाहेरची, आणि व्यवहारात ती पहिलीपेक्षा कितीतरी मोठी असते. यंत्र पॅनेलच्या समांतर नसणे! समजा पॅनेल २१.१ अंशांवर आहे आणि पायरॅनोमीटरची पट्टी २३.१ अंशांवर घट्ट केली गेली. २१ डिसेंबरच्या मध्यान्हाला सूर्याचे किरण पॅनेलवर २३.४ अंशांनी तिरके पडतात, पायरॅनोमीटरवर २१.४ अंशांनी. थेट उन्हाचे माप सुमारे दीड टक्का जास्त येते. मार्चमध्ये मध्यान्ही हा फरक जवळजवळ नाहीसा होतो. २१ जूनला सूर्य शिरोबिंदूच्याही किंचित उत्तरेला गेलेला असतो, आणि तेव्हा दक्षिणेला जास्त कललेले यंत्र दीड टक्का कमी दाखवते. म्हणजे प्रकल्पाचा परफॉर्मन्स रेशो हिवाळ्यात खाली आणि उन्हाळ्याच्या शेवटी वर सरकलेला दिसेल, आणि कुणीतरी त्याचे कारण पॅनेलच्या तापमानात किंवा धुळीत शोधत बसेल. ओळखण्याची खूण अशी: तापमान आणि धूळ यांचा परिणाम ढगाळ दिवशीही थोडाफार दिसतो, पण कोनाचा दोष पूर्ण ढगाळ दिवशी नाहीसा होतो, कारण तेव्हा थेट किरणच नसतात. निरभ्र आणि ढगाळ दिवसांचे गुणोत्तर वेगवेगळे मांडले की संशय पक्का होतो. मग डिजिटल कोनमापक घेऊन चौकटीवर चढायचे, पॅनेलच्या काचेवर आणि पायरॅनोमीटरच्या बैठकीवर, दोन्हीकडे तोच कोनमापक ठेवून वाचन घ्यायचे.

या कारणाने चांगले कॅलिब्रेशन दोनदा होते. एकदा सपाट, आणि एकदा संदर्भ यंत्रासह प्रकल्पाच्याच कलावर. दुसऱ्या वेळी दोन्ही यंत्रे एकाच तिरक्या पट्टीवर बसवतात, पट्टीचा कोन मोजून लिहून ठेवतात आणि मार्चच्या आसपास हे केले तर कोनाचे गणित तासाला १५ अंश इतके सोपे राहते. सपाट आणि तिरक्या निकालांची तुलना एकाच आपाती कोनावर करायची, एकाच घड्याळी वेळेवर नाही. सपाट टेबलावर ३ वाजून २१ मिनिटांनी ४९ अंश होते, तिरक्या पट्टीवर त्याच वेळी ४५ असतात. सारख्या कोनावरही संवेदनशीलता वेगळी आली आणि तो फरक अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त असला, तर कलत्रुटीचा विचार करायचा. त्याआधी मात्र जमिनीकडून परतणारा प्रकाश दोन्ही यंत्रांना सारखा मिळत होता ना, हे पाहावे लागते. गच्चीवर एका बाजूला पांढरा चुना मारलेला कठडा आणि दुसऱ्या बाजूला काळी पाण्याची टाकी असेल तर तो तसा मिळत नाही.

प्रमाणपत्रावर शेवटी कोणता आकडा छापायचा, याबाबत पद्धती वेगवेगळ्या आहेत. काही प्रयोगशाळा दिव्याखालचा, सरळ किरणांचा आकडा देतात. काही ४५ अंशांवरचा. काही ठरावीक कोनांच्या पट्ट्यातली सरासरी. आपल्या उदाहरणात हे आकडे अनुक्रमे ९.०२ च्या आसपास, ९.०० आणि त्याहून किंचित कमी असे येतील. माझ्या मते सौर प्रकल्पासाठी सगळ्यांत उपयोगी कागद तो, ज्यावर एका आकड्याबरोबर दर दहा अंशांची संवेदनशीलता, सकाळची आणि संध्याकाळची वेगळी, दिलेली असते. त्यामुळे लॉगरमध्ये क्षणाच्या कोनानुसार दुरुस्ती करता येते. ही दुरुस्ती फक्त थेट उन्हाच्या वाट्याला लावायची असते, पसरलेल्या उन्हाला नाही, कारण ते सगळ्या कोनांतून एकदम येते आणि त्याच्यासाठी यंत्राचा एक ठरलेला सरासरी आकडा असतो.

आणि तापमान. आयएसओ ९०६० यंत्राच्या तापमान-प्रतिसादाची हमी उणे १० ते ४० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात मागते. नागपूरची मे महिन्यातली हवाच ४५ अंशांच्या घरात जाते आणि उन्हात तापलेल्या यंत्राचे अंग त्याच्याही वर. म्हणून वर उल्लेखलेली शून्य सावलीची दुपार कोनाच्या दृष्टीने जितकी निर्दोष, तितकीच तापमानाच्या दृष्टीने हमीबाहेरची असते. अंगात तापमापी बसवलेली यंत्रे तो आकडाही लॉगरला देतात. मे महिन्यातले कॅलिब्रेशन करताना त्या तापमानाची नोंद प्रत्येक ओळीसोबत ठेवली, तर मार्चच्या निकालाशी त्याची तुलना करता येते.